कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी दिला नाही: आता काय?

प्रश्न: काल दुपारी इंडिया पोस्टच्या नावाने मेसेज आला. पत्ता अपुरा आहे, २४ तासांत दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल. बहिणीने पुण्याहून राखी पाठवली आहे, म्हणून लिंक उघडली. नाव, पत्ता, मोबाईल नंबर भरला. पुढे २५ रुपये मागितले तेव्हा डेबिट कार्डाचा नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही टाकला. ओटीपी आला तेव्हा शंका आली, म्हणून तो टाकला नाही, पान बंद केलं. खात्यातून पैसे गेलेले नाहीत. आता काय करू? मोबाईल फॉरमॅट मारू का? आणि असले मेसेज, ईमेल आधीच ओळखायचे कसे? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर:

कार्ड अजून ब्लॉक केलं नसेल तर आधी ते करा, मग पुढचं वाचा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या भागात 'ब्लॉक' किंवा 'हॉटलिस्ट' असा पर्याय असतो, तिथून मिनिटभरात काम होतं. ॲप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावा. तो नंबर गूगलवर शोधू नका. बँकांच्या कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर इंटरनेटवर पेरून ठेवलेले असतात आणि घाबरलेला माणूस नेमका त्यांच्याच हाती लागतो. ब्लॉक केल्यावर जो तक्रार क्रमांक किंवा एसएमएस येईल तो वेळेसकट जपून ठेवा. तो कशाला लागतो ते पुढे सांगतो.

"ओटीपी दिलाच नाही, मग कार्ड कशाला बंद करायचं?" असं माझ्याकडे येणारे बहुतेक जण विचारतात. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. पण परदेशातल्या कितीतरी वेबसाइटना ती लागत नाही. कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर तिथे व्यवहार होऊन जातो. तुमच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील तर ही वाट आपोआप अडते. २०२० पासून नवीन कार्डावर ही सोय मुळात बंदच येते, आपण चालू केली तरच चालू होते. अडचण अशी की कधीतरी एखाद्या परदेशी ॲपचे पैसे भरताना आपणच ती चालू केलेली असते आणि मग विसरून जातो. म्हणून ॲपमध्ये तो स्विचही बघून घ्या.

मात्र नुसता स्विच बंद करून थांबू नका, कार्डच बदला. असे चोरलेले नंबर एकाच माणसाकडे राहत नाहीत, ते पुढे विकले जातात आणि कधीकधी बऱ्याच महिन्यांनी वापरले जातात. तोपर्यंत तुम्ही हा प्रकार विसरलेले असता. नवीन कार्डाला थोडं शुल्क लागेल, यायला काही दिवस लागतील, इतकंच. तेवढ्या काळात तुमचं यूपीआय चालू राहील, कारण ते बचत खात्याला जोडलेलं असतं, डेबिट कार्डाला नाही.

आता तो ओटीपीचा मेसेज उघडा आणि सावकाश वाचा. लोक त्यातले सहा आकडे बघतात, बाकीचं वाक्य वाचत नाहीत. किती रुपयांसाठी आणि कुणाला देण्यासाठी हा ओटीपी आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या मेसेजात बहुधा २५ रुपये नसतील. हजारांतली रक्कम असेल, नाहीतर परदेशी चलन असेल, किंवा कार्ड एखाद्या ॲपमध्ये साठवण्यासाठीचा ओटीपी असं म्हटलेलं असेल. यातला शेवटचा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण त्यात रक्कमच दिसत नाही आणि माणूस निर्धास्तपणे आकडे टाकतो. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

२५ रुपयांचं पान आणि हजारांचा ओटीपी हे जुळतं कसं, तेही समजून घ्या. ते पान पैसे घेणारं नसतंच. तुम्ही तिथे जे टाइप करता ते त्याच क्षणी पलीकडे बसलेल्या माणसाला दिसतं. तो खऱ्या खरेदीच्या वेबसाइटवर तुमचं कार्ड टाकून तयार असतो. तिथून खरा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो, तुम्ही तो खोट्या पानावर टाकता आणि तो माणूस उचलून खऱ्या वेबसाइटवर टाकतो. बँकेच्या दृष्टीने सगळा व्यवहार रीतसर झालेला असतो. रक्कम मुद्दाम एवढी लहान ठेवतात की विचार करायला थांबावंसं वाटू नये. अशी पानं बनवण्याचे तयार संच विकत मिळतात, आणि त्यातले काही संच तर बटण दाबण्याआधीच, अक्षरं टाइप होत असतानाच ती पलीकडे पाठवतात. त्यामुळे "नंबर टाकला होता, पण सबमिट केलं नाही" याच्यावर मी विसंबत नाही. टाकलं म्हणजे दिलं, असंच धरायचं.

मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी अगदी असल्याच पानावर ओटीपी टाकला होता. पान म्हणालं, "ओटीपी चुकला, पुन्हा टाका." दुसरा ओटीपी आला, त्यांनी तोही टाकला. पहिला चुकलेला नव्हताच. पहिल्या ओटीपीने एक खरेदी झाली, दुसऱ्याने तेवढ्याच रकमेची दुसरी. दोन्ही मेसेजात रक्कम स्वच्छ लिहिलेली होती, पण त्यांचा चष्मा टेबलावर होता आणि आकडे तेवढे मोठे करून दिसत होते. त्यांच्या मुलाने तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं. दुसरी खरेदी अडवता आली, पहिलीचे पैसे गेले.

फॉरमॅटबद्दल: नको. तुमच्या बाबतीत फोनमध्ये काही शिरलेलं नाही, माहिती तुम्ही स्वतःच्या हाताने एका पानावर भरली. फोन पुसल्याने ती परत येत नाही, उलट मेसेज, ब्राउझरची हिस्टरी, लिंक असा सगळा पुरावा मात्र जातो. निव्वळ लिंक उघडली आणि काहीच न भरता बंद केली, तर बहुतेक वेळा समोरच्याला एवढंच कळतं की हा नंबर चालू आहे आणि या नंबरचा माणूस लिंक दाबतो. मग पुढे असले मेसेज जास्त येतात. फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत असेल तर त्यापलीकडे काळजीचं कारण सहसा नसतं. दोन गोष्टी तेवढ्या तपासा: डाउनलोडच्या फोल्डरमध्ये त्या वेळेची एखादी फाइल उतरली आहे का, आणि त्या पानाने नोटिफिकेशनची परवानगी मागितली तेव्हा आपण 'अलाउ' दाबलं होतं का. दाबलं असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढून टाका.

खरी सावधगिरी पुढचे काही दिवस लागेल. तुमचं नाव, घरचा पत्ता, मोबाईल नंबर आणि कार्डाचे आकडे आता एकत्र एकाच ठिकाणी गेले आहेत. त्यावरून "बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय" असा फोन येऊ शकतो. तो तुमच्या कार्डाचे आकडे स्वतःच वाचून दाखवेल, विश्रामबागचा पत्ता सांगेल आणि म्हणेल, "तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार होतोय, थांबवण्यासाठी आलेला ओटीपी सांगा." ज्याने आदल्या दिवशी शंका येऊन पान बंद केलं, तोच माणूस इथे फसतो, कारण या वेळी समोरचा मदतीला आलेला वाटतो. बँकांचे असे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत असं ठरलेलं आहे. पण नंबर पाहून निर्णय घेण्यापेक्षा फोन ठेवा आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः लावा. व्यवहार थांबवायला ओटीपी कधीच लागत नाही.

तक्रार कुठे करायची? पैसे गेलेले नसताना फसवा मेसेज कळवायला दूरसंचार विभागाच्या sancharsaathi.gov.in या साइटवर 'चक्षु' नावाची सोय आहे. मेसेज कुठल्या नंबरवरून, किती वाजता आला ते आणि स्क्रीनशॉट तिथे द्यायचा. मेसेज येऊन ३० दिवस व्हायच्या आत हे करावं लागतं. १९३० हा नंबर पैसे गेलेल्यांसाठी आहे, तो त्यांच्यासाठीच मोकळा राहू द्या.

आणि तो तक्रार क्रमांक. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तत्त्व असं आहे: ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतर झालेलं बँकेचं. म्हणजे काल दुपारपासून तुम्ही बँकेला कळवाल त्या मिनिटापर्यंत जबाबदारी तुमच्यावर आहे, त्यानंतर नाही. "मी फोन केला होता" हे सिद्ध करायला तो क्रमांक आणि त्यावरची वेळ लागते. शाखेत जाऊन तोंडी सांगून आलात तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. आमच्याकडे ओळखीच्या शाखेत तोंडी सांगून निघून यायची सवय फार आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता ओळखायचं कसं, ते बघू. शुद्धलेखनाच्या चुका शोधा हा सल्ला मी आता देत नाही. हल्ली मेसेज मराठीतही नीटनेटके येतात.

पहिली नजर पाठवणाऱ्यावर टाका. बँका, कंपन्या, सरकारी खाती यांचे एसएमएस दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाहीत, अक्षरांच्या नोंदणीकृत नावाने येतात. आधी दोन अक्षरं, आडवी रेघ, मग नाव. २०२५ पासून शेवटी आणखी एक अक्षर असतं: `G` म्हणजे सरकारी, `T` व्यवहाराचा, `S` सेवेचा, `P` जाहिरातीचा. पार्सलचा मेसेज साध्या मोबाईल नंबरवरून किंवा +९१ सोडून दुसऱ्याच देशाच्या नंबरवरून आला असेल तर तिथेच विषय संपला. आयफोनवर आलेल्या अशा मेसेजात एक खास ओळ असते: "Y असं उत्तर पाठवा, मेसेज बंद करून पुन्हा उघडा." अनोळखी माणसाच्या मेसेजमधली लिंक आयफोन दाबू देत नाही. तुम्ही उत्तर दिलंत की त्याला तो माणूस ओळखीचा वाटतो आणि लिंक चालू होते. ती ओळ त्यासाठीच लिहिलेली असते. याच्या उलट मात्र धरू नका. नोंदणीकृत नावांचाही गैरवापर होतो, त्यामुळे नाव बरोबर दिसलं म्हणून मेसेज खरा, असं होत नाही.

दुसरी गोष्ट पार्सलचा नंबर. पोस्टाच्या स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा जागांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी `IN`. खोट्या मेसेजात तो सहसा नसतोच, "तुमचं पार्सल" एवढंच असतं, कारण एकच मेसेज लाखो लोकांना गेलेला असतो. राखीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत कुणाचं ना कुणाचं पाकीट वाटेत असतंच, तेवढा योगायोग त्यांना पुरतो. बहिणीला पावतीचा फोटो पाठवायला सांगा आणि तो क्रमांक indiapost.gov.in वर स्वतः टाकून बघा. पोस्टाचा नंबर १८०० २६६ ६८६८, तिथेही विचारता येतं. पत्ता अपुरा असेल तर पोस्टमन चौकशी करतो, नाहीतर पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जातं. पत्ता दुरुस्त करायला पोस्ट खातं लिंक पाठवून कार्डाचे पैसे मागत नाही.

तिसरी गोष्ट लिंक. ती वाचायला येणं हे माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी कौशल्य आहे. नमुन्यासाठी एक मी रचलेली लिंक बघा, ती उघडायला जाऊ नका:

```
https://indiapost.gov.in.patta-update.top/in/
```

सुरुवातीला `indiapost.gov.in` दिसतं आणि मोबाईलच्या अरुंद पडद्यावर बहुधा तेवढंच दिसतं. पण ही साइट पोस्टाची नाही. `https://` नंतर जी पहिली तिरपी रेघ येते तिच्यापर्यंतचाच भाग बघायचा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. पत्रं वेगळी करणारा माणूस पत्ता खालून वर वाचतो, आधी पिनकोड, मग गाव, मग गल्ली, तसंच हे. इथे शेवटी आहे `patta-update.top`. मालक तो. त्याच्या डावीकडे मालकाला हवं ते लिहिता येतं, तिथे कुणी `rbi` लिहिलं तरी अडवणारं कोणी नाही. खऱ्या सरकारी साइटमध्ये तिरप्या रेघेच्या लगेच आधी `.gov.in` किंवा `.nic.in` असतं. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेची साइट आता शेवटून ओळखणं सोपं झालंय. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह बघून काही ठरवू नका. मधल्या वाटेत कुणी वाचत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि चोरालाही ते कुलूप फुकट मिळतं.

छोट्या केलेल्या लिंक वाचताच येत नाहीत. शिवाय खासगी कुरियर कंपन्या परदेशातून आलेल्या पार्सलचं सीमाशुल्क खरोखर ऑनलाइन मागतात, तेव्हा पैसे मागणारा प्रत्येक मेसेज खोटा असंही म्हणता येत नाही. अशा वेळी मेसेजमधली लिंक सोडून द्यायची, कंपनीची साइट स्वतः उघडायची आणि पार्सलचा क्रमांक तिथे टाकायचा. मागणी खरी असेल तर तिथेही दिसेल.

डिलिव्हरीच्या नावाने फोनवर चालणारे दोन प्रकारही माहीत असू द्या. "तुमच्या नावाने पार्सल आलंय, मागवलं नसेल तर रद्द करतो, ओटीपी सांगा," हा एक. दुसऱ्यात "डिलिव्हरी बॉयशी बोलायला हा कोड डायल करा" म्हणून `*21*` आणि पुढे एक मोबाईल नंबर देतात. तो डायल केला की तुमचे येणारे सगळे कॉल त्या नंबरवर वळतात. मग बँकेचा खातरजमेचा कॉल किंवा व्हॉट्सॲपचा कोड सांगणारा कॉल तुम्हाला येतच नाही, त्याला जातो. चुकून डायल केला असेल तर लगेच `##002#` डायल करा, सगळं वळवणं रद्द होतं. `*#21#` ने सध्याची स्थिती कळते.

मागाहून विचारायला येणारे तीन प्रसंग आताच सांगून ठेवतो, कारण प्रत्येकात करायचं काम वेगळं असतं.

ॲप बसवलं असेल तर गोष्ट गंभीर आहे. आरटीओचं चलान, लग्नाची पत्रिका, पीएम किसान, कुरियर अशा नावाची `.apk` फाइल व्हॉट्सॲपवर येते, बहुतेकदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. हे ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. तुम्ही कुणाला काही सांगायची गरजच उरत नाही. अशा वेळी ताबडतोब फ्लाइट मोड चालू करा आणि वायफाय वेगळं बंद झालं आहे का ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बंद करायचं बटण दिसतं तेव्हा त्यावर बोट दाबून धरलं की सेफ मोड येतो. सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या दोन यादींत त्या ॲपला दिलेली परवानगी काढा, मगच ते अनइन्स्टॉल होतं. परवानगी काढली नाही तर अनइन्स्टॉलचं बटण दाबताच येत नाही, किंवा सेटिंगचं पान आपोआप बंद होतं. असं बंद होणं हीच त्या ॲपची ओळख. तक्रार नोंदवून झाल्यावर आणि फोटो, कागदपत्रं काढून घेतल्यावर फोन फॅक्टरी रीसेट करा. फॉरमॅटचा सल्ला मी देतो तो फक्त इथे.

पैसे गेले असतील तर घरातल्या दोघांनी दोन फोन घ्या. एकाने बँकेला लावा, दुसऱ्याने १९३० ला. १९३० वरचा माणूस तुमचा मोबाईल नंबर, बँक, खातं किंवा कार्ड, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतो. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो. हे सगळं कागदावर लिहून मगच फोन लावा, नाहीतर मधेच ॲप उघडून शोधण्यात वेळ जातो. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे पोचलेत तिला सूचना जाते आणि पैसे अजून खात्यात असतील तर ते गोठवले जातात. चोर ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात हलवत असतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. काढलेले पैसे गोठवता येत नाहीत, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करावी लागते, तेव्हा मिळालेला क्रमांक जपा. गोठवलेली रक्कम परत मिळवायला बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. या काळात "तुमचे पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा" म्हणणारे फोन येतात. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, त्यावरून हे फोन होतात.

ईमेलचा पासवर्ड दिला असेल तर नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते मोठं होतं. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या ऑफिसात "मेलबॉक्स भरला आहे, मेल अडकून पडलेत, इथे साइन इन करा" असा ईमेल आला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी ईमेल सेवेचंच नाव होतं. पण नावाच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतो, खरा पत्ता त्याच्या बाजूला असतो आणि मोबाईलवर तो लपलेला असतो. जीमेलमध्ये नावाखालचा छोटा बाण दाबला की तो दिसतो, शिवाय कुठल्या सर्व्हरवरून आला तेही `mailed-by` आणि `signed-by` या ओळींत दिसतं. इथे नावाशी कसलाच संबंध नसलेला पत्ता होता. पण ऑफिसातल्या मुलाने मोबाईलवरच पासवर्ड टाकला. पान फिरून खऱ्या मेलबॉक्सवर गेलं, सगळं ठीक दिसलं, तो विसरून गेला.

चोराने आत येऊन काहीच मोडलं नाही. तो मेल वाचत बसला. कुठल्या गिऱ्हाइकाकडून किती येणं आहे, बिल कसं लिहितात, शेवटी सही कशी करतात, सगळं बघितलं. मग त्याने एक फिल्टर लावला: तमिळनाडूतल्या एका मोठ्या खरेदीदाराचे मेल आले की ते वाचलेले दाखवून इनबॉक्समधून बाजूला करायचे. त्यानंतर व्यापाऱ्याच्याच मेलवरून त्या खरेदीदाराला पत्र गेलं, "ऑडिटमुळे खातं बदललंय, या बिलाचे पैसे नवीन खात्यात भरा." पत्ता खरा, भाषा ओळखीची, बिलाची रक्कमही बरोबर. खरेदीदाराच्या मुनीमाला नवीन खात्याची शाखा तिसऱ्याच राज्यातली दिसली, म्हणून त्याने फोन केला. नाहीतर पैसे गेले होते.

नुसता पासवर्ड बदलून हे निस्तरत नाही, आणि नेमकं तेवढंच करून लोक थांबतात. पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या कॉम्प्युटरवरून बदलायचा आणि सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचं, म्हणजे आत बसलेला बाहेर पडतो. मग सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघायचं. आपण न लावलेली ओळ दिसली तर तिचा फोटो घेऊन ती काढायची. पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाईल आणि दुसरा ईमेल आपलाच आहे का ते तपासायचं, चोर तिथे स्वतःचा घालून ठेवतो. आपण न जोडलेली बाहेरची ॲप मेलला जोडलेली दिसली तर तीही तोडायची. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदलायचा. शेवटी दुहेरी खातरजमा चालू करायची.

त्या ऑफिसात आता बिलाच्या तळाशी एक ओळ छापतात: खातं बदलल्याचा मेल आला तर आधी आमच्या जुन्या नंबरवर फोन करा. नंबर मेलमधून घ्यायचा नाही, स्वतःच्या डायरीतला वापरायचा, हेही त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं.